एक तृतीयांश खर्च आणि मग उरलेल्याचा एक चतुर्थांश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे उदाहरण नेमके कसे असते आणि त्याचे उत्तर काय येते?

पुढील सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण समोर ठेवू. एका गृहिणीने आठवडी बाजारात जवळच्या रकमेपैकी एक तृतीयांश रक्कम किराणा मालावर खर्च केली. त्यानंतर उरलेल्या रकमेपैकी एक चतुर्थांश रक्कम भाजीपाल्यावर खर्च केली. घरी परतताना तिच्याकडे ६०० रुपये शिल्लक होते. तर बाजारात जाताना तिच्याकडे किती रुपये होते?

उत्तर १,२०० रुपये असे आहे. किराण्यावर १,२०० चा एक तृतीयांश, म्हणजे ४०० रुपये गेले आणि ८०० उरले. या ८०० चा एक चतुर्थांश, म्हणजे २०० रुपये भाजीवर गेले आणि ६०० उरले. पहिल्या खर्चानंतर दोन तृतीयांश रक्कम शिल्लक राहते आणि दुसऱ्या खर्चानंतर त्या शिलकेचे पाऊण राहते. दोन तृतीयांशाचे पाऊण म्हणजे बरोबर निम्मे. म्हणून या विशिष्ट जोडीत रक्कम कितीही असली तरी शेवटी अर्धीच उरते, आणि एवढे ध्यानात आले की ६०० ची दुप्पट करणे हे तोंडी काम होते. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ केली आहे, त्यांना तर कागदही लागत नाही, कारण बारातून चार गेले की आठ उरतात आणि पाऊणकीत आठाचे सहा होतात.

एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची सरळ बेरीज का करायची नाही?

या उदाहरणात सर्वाधिक होणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याकडे जरा सावकाश पाहू. विद्यार्थी १/३ + १/४ = ७/१२ असे मांडतो, खर्च ७/१२ झाला म्हणजे शिल्लक ५/१२ असे म्हणतो आणि ६०० ला १२/५ ने गुणून १,४४० रुपये हे उत्तर लिहितो. यातील बेरीज बरोबर आहे, छेद समान करण्याची पद्धत बरोबर आहे आणि गुणाकारही बरोबर आहे. चुकले आहे ते एवढेच की दोन वेगवेगळ्या वस्तूंचे भाग एकाच वस्तूचे समजून एकत्र केले गेले.

अपूर्णांक हा नेहमी कशाचा तरी असतो. ‘एक तृतीयांश’ हा बाजारात जातानाच्या पूर्ण रकमेचा आहे, तर ‘एक चतुर्थांश’ हा किराणा घेऊन झाल्यावर उरलेल्या रकमेचा आहे. अर्धी भाकरी आणि अर्धा पापड मिळून एक काहीच होत नाही, तसेच हे आहे. बेरीज करायचीच असेल, तर दुसरा अपूर्णांक आधी पूर्ण रकमेच्या भाषेत आणावा लागतो. उरलेली रक्कम पूर्ण रकमेच्या २/३ आहे, म्हणून तिचा एक चतुर्थांश हा पूर्ण रकमेचा १/४ × २/३ = १/६ होतो. आता १/३ आणि १/६ हे दोन्ही एकाच रकमेचे भाग झाले, त्यांची बेरीज १/२ येते आणि शिल्लकही १/२ राहते.

१,४४० हे उत्तर फसवे आहे, कारण ते दिसायला स्वच्छ आहे. त्याला ३ ने भाग जातो, ४ ने जातो, कुठेही पैसे शिल्लक राहत नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्याला शंका येत नाही. शंका येण्यासाठी ताळा करावा लागतो. १,४४० चा एक तृतीयांश ४८०, उरले ९६०. त्यांचा एक चतुर्थांश २४०, उरले ७२०. उदाहरणात मात्र ६०० उरले आहेत. अर्ध्या मिनिटाच्या या ताळ्यात चूक उघडी पडते. बहुपर्यायी प्रश्नात १,४४० हा पर्याय दिसला, तर आपले उत्तर पर्यायांत आहे म्हणून निश्चिंत होऊ नये; प्रश्न काढणाऱ्यालाही ही चूक चांगली ठाऊक असते.

वाक्यातील कोणत्या शब्दांवर लक्ष ठेवावे?

‘उरलेल्या’, ‘शिल्लक’, ‘बाकीच्या’ आणि ‘राहिलेल्या’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढावी. यांपैकी एखादा शब्द दुसऱ्या अपूर्णांकाच्या आधी आला, की तो अपूर्णांक नव्या, लहान झालेल्या रकमेचा असतो. याउलट ‘एकूण रकमेच्या एक चतुर्थांश’ किंवा ‘पगाराच्या एक चतुर्थांश’ असे म्हटले असेल, तर दोन्ही भाग एकाच रकमेचे आहेत आणि तेथे ७/१२ ही बेरीज योग्यच आहे. त्या उदाहरणाचे उत्तर खरोखरच १,४४० येईल.

एक छोटा सापळा मराठी वाक्यरचनेतही आहे. ‘उरलेल्या रकमेपैकी एक चतुर्थांश खर्च केली’ आणि ‘उरलेल्या रकमेपैकी एक चतुर्थांश शिल्लक ठेवली’ ही वाक्ये घाईत सारखी वाटतात, पण दुसऱ्या वाक्यात पाऊण भाग खर्च झालेला असतो. दुसरे वाक्य असेल तर शेवटी २/३ × १/४ = १/६ रक्कम उरते आणि ६०० वरून मूळ रक्कम ३,६०० येते. फरक तिपटीचा आहे. म्हणून अपूर्णांक वाचून थांबू नये, त्याच्या पुढचे क्रियापदही वाचावे.

कधी कधी वाक्यच संदिग्ध असते. ‘एक तृतीयांश किराण्यावर आणि एक चतुर्थांश भाजीवर खर्च केले’ असे नुसते लिहिलेले असेल, तर ‘उरलेल्या’ हा शब्द आपल्या मनाने घालू नये. येथे दोन्ही भाग पूर्ण रकमेचे धरणे हाच सरळ अर्थ आहे.

लहान मुलांना हे आकृतीने कसे दाखवावे?

चौकटींच्या वहीत तीन उभे स्तंभ आणि चार आडव्या ओळी यांचा, म्हणजे बारा घरांचा आयत काढावा. हा आयत म्हणजे पूर्ण रक्कम. एक उभा स्तंभ खोडावा. हा एक तृतीयांश झाला आणि त्यात चार घरे गेली. आता दोन स्तंभ उरले आणि त्यांत अजूनही चारच आडव्या ओळी आहेत. उरलेल्याचा एक चतुर्थांश म्हणजे या उरलेल्या भागातील एक आडवी ओळ. ती खोडली की फक्त दोन घरे जातात. येथे मुलाला थांबवून विचारावे की पूर्ण आयताची आडवी ओळ तीन घरांची होती, मग आपण दोनच का खोडली? तिसरे घर किराण्याच्या स्तंभात आधीच गेले आहे, हे उत्तर त्याच्या तोंडून आले की १/३ + १/४ ची चूक पुन्हा सहसा होत नाही. चुकीच्या बेरजेत हेच एक घर दोनदा मोजले जाते: चार आणि तीन मिळून सात, प्रत्यक्षात गेलेली घरे मात्र सहा.

उरलेली सहा घरे म्हणजे ६०० रुपये. एक घर १०० रुपयांचे आणि बारा घरे १,२०० रुपयांची.

याच आकृतीचा एक साधा प्रकार पट्टीचा आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पाचवीतील एका मुलीने एकदा लांबट पट्टी काढून तिचे तीन भाग केले, एक भाग गिरवून टाकला आणि मग पेन्सिल हवेत धरून बसली. ‘सर, दोन घरं उरलीत, त्यांतली चार कशी करू?’ असे तिने विचारले. मी काही सांगण्याआधीच तिने उरलेल्या दोन्ही घरांच्या मधोमध एकेक रेघ मारली आणि चारांपैकी एक गिरवले. मग तिचे लक्ष पहिल्या गिरवलेल्या घराकडे गेले. तेही इतरांएवढे करायला हवे म्हणून तिने गिरवलेल्यावरच एक रेघ ओढली. पट्टीचे सहा समान भाग झाले, तीन गेले, तीन राहिले. पूर्ण रकमेच्या भाषेत आणणे म्हणजे नेमकी ती शेवटची रेघ, आणि बहुतेक मुले तीच ओढायची विसरतात. ती रेघ नसेल तर पट्टीवर पाच भाग दिसतात, एक मोठा आणि चार लहान, आणि मूल तीन पंचमांश उरले असे सांगून मोकळे होते.

समीकरण मांडून हे उदाहरण कसे सोडवावे?

सुरुवातीची रक्कम x रुपये मानू. किराण्यावरील खर्च x/३ आहे, म्हणून उरलेली रक्कम x − x/३ = २x/३ होते. भाजीवरील खर्च या रकमेचा एक चतुर्थांश, म्हणजे १/४ × २x/३ = x/६ आहे. शेवटी ६०० रुपये उरतात, म्हणून समीकरण असे होते:

```
x − x/३ − x/६ = ६००
```

दोन्ही बाजूंना ६ ने गुणले असता ६x − २x − x = ३,६००, म्हणजे ३x = ३,६०० आणि x = १,२०० मिळते.

समीकरणात चूक होण्याची जागा एकच आहे. दुसरा खर्च एका दमात लिहिताना तो (१/४)(x − x/३) असा कंसासह लिहावा लागतो. कंस राहिला आणि १/४ ने फक्त x ला गुणले गेले, की पुढची सगळी आकडेमोड बरोबर करूनही उत्तर हाती लागत नाही. म्हणून ‘उरलेली रक्कम = २x/३’ ही ओळ स्वतंत्र लिहावी असा माझा आग्रह असतो. ती ओळ लिहिली की कंसाची गरजच उरत नाही.

अक्षर न मानता, एखादी संख्या मानून उत्तर काढता येते का?

येते, आणि पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ही रीत समीकरणापेक्षा बरी. सुरुवातीची रक्कम १२ रुपये मानावी. एक तृतीयांश ४ गेले, ८ उरले. त्यांचा एक चतुर्थांश २ गेले, ६ उरले. आता त्रैराशिक मांडावे: शेवटी ६ उरत असतील तर सुरुवातीला १२, मग ६०० उरत असतील तर किती? उत्तर ६०० × १२ ÷ ६ = १,२००.

बाराच का, असे मुले विचारतात. ३ आणि ४ यांचा लसावि १२ आहे, म्हणून दोन्ही वाटण्या पूर्ण संख्येत होतात. १०० मानले तरी उत्तर तेच येते, पण एक तृतीयांश काढताना ३३.३३ असा दशांश हाती येतो, आणि तो कुठेतरी तोडला की शेवटी १,२०० ऐवजी १,१९९ किंवा १,२०१ च्या आसपासचे काहीतरी उत्तर मिळते. मानलेल्या संख्येवर उत्तर अवलंबून नसते, पण आकडेमोडीची सुबकता पूर्णपणे तिच्यावर अवलंबून असते.

शेवटून मागे जाताना ६०० मध्ये तिचा एक चतुर्थांश मिळवला तर उत्तर का चुकते?

मागे जाण्याची कल्पना उत्तम आहे, पण तिच्यात एक बारीक खोच आहे. विद्यार्थी म्हणतो की शेवटी एक चतुर्थांश वजा झाला होता, मग मी एक चतुर्थांश परत मिळवतो. ६०० चा एक चतुर्थांश १५०, मिळवून ७५०. त्याआधी एक तृतीयांश वजा झाला होता, म्हणून ७५० चा एक तृतीयांश २५० मिळवून १,०००. आकडे पुन्हा गुळगुळीत आहेत आणि उत्तर पुन्हा चूक आहे. ताळा केला तर १,००० चा एक तृतीयांश ३३३ रुपये ३३ पैशांच्या पुढे अडकतो, आणि शेवटी निम्मे, म्हणजे ५०० रुपये उरतात.

कारण असे की वजा झालेला चतुर्थांश हा ६०० चा नव्हता, तर भाजी घेण्यापूर्वीच्या रकमेचा होता. त्या रकमेचे चार समान भाग केले, एक भाग भाजीवर गेला आणि तीन भाग उरले. हे तीन भाग म्हणजे ६००, म्हणून एक भाग २०० रुपयांचा. गेलेला भागही तेवढाच, २०० रुपयांचा. आता हे २०० रुपये ६०० च्या मानाने किती आहेत? एक तृतीयांश. म्हणजे पुढे जाताना जो चतुर्थांश होता, तो मागे येताना तृतीयांश होतो, कारण आता आपण चार भागांच्या ऐवजी तीन भागांवर उभे आहोत.

तसेच पहिल्या टप्प्याचे. भाजीपूर्वी ८०० रुपये होते. हे मूळ रकमेच्या तीन भागांपैकी दोन भाग आहेत. एक भाग ४०० चा, आणि गेलेला भाग ८०० च्या मानाने निम्मा. म्हणून मागे येताना तृतीयांशाचा अर्धा होतो: ८०० + ४०० = १,२००.

नियम सांगायचा तर असा: एखाद्या रकमेतून तिचा काही भाग वजा झाला असेल, तर परत मिळवताना अंश तोच ठेवावा आणि छेदातून अंश वजा करून नवा छेद घ्यावा. १/४ चा १/३ होतो, १/३ चा १/२ होतो, २/५ चा २/३ होतो. हा नियम नवा नाही. भास्कराचार्यांनी तो बाराव्या शतकातच व्यस्तविधीच्या सूत्रात बांधून ठेवला आहे, आणि रकमेत स्वतःचाच भाग मिळवलेला असेल तर छेदात अंश मिळवावा, ही त्याची दुसरी बाजूही तेथेच दिली आहे.

शिलकेऐवजी दुसरीच एखादी रक्कम दिली असेल तर काय करावे?

एकदा पूर्ण रकमेचे भाग कळले की काहीही दिलेले चालते. या उदाहरणात किराणा १/३, भाजी १/६ आणि शिल्लक १/२ आहे. सहा भागांत बोलायचे तर किराणा दोन भाग, भाजी एक भाग, शिल्लक तीन भाग. ‘भाजीवर १५० रुपये खर्च झाले’ असे दिले असेल, तर एक भाग १५० चा आणि मूळ रक्कम ९००. ‘किराण्यावर भाजीपेक्षा १५० रुपये जास्त खर्च झाले’ असे दिले असेल, तर दोन भाग वजा एक भाग म्हणजे एकच भाग, म्हणून पुन्हा ९००. ‘एकूण खर्च ४५० रुपये झाला’ असे दिले असेल तरी तीन भाग ४५० चे, आणि उत्तर पुन्हा ९००.

खर्चाचा क्रम बदलला तर उत्तर बदलते का?

शेवटची शिल्लक बदलत नाही, कारण २/३ ला ३/४ ने गुणले काय किंवा ३/४ ला २/३ ने गुणले काय, गुणाकार १/२ च येतो. प्रत्येक खर्चाची रक्कम मात्र बदलते. १,२०० पैकी आधी एक चतुर्थांश भाजीवर खर्च केला तर ३०० गेले आणि ९०० उरले. मग उरलेल्याचा एक तृतीयांश किराण्यावर, म्हणजे पुन्हा ३०० गेले आणि ६०० उरले. आधीच्या क्रमात ४०० आणि २०० असे असमान खर्च होते, आता दोन्ही ३०० झाले. म्हणून प्रश्नात फक्त शिल्लक विचारली असेल तर क्रमाकडे दुर्लक्ष चालेल, पण ‘भाजीवर किती खर्च झाला’ असे विचारले असेल तर चालणार नाही.

जाता जाता एक गंमत नोंदवतो. आधी एक तृतीयांश, मग उरलेल्याचा एक चतुर्थांश, मग उरलेल्याचा एक पंचमांश असे करत गेल्यास २/३ × ३/४ × ४/५ या गुणाकारात मधले ३ आणि ४ आपोआप कटतात आणि २/५ उरतात. पहिल्या अपूर्णांकाचा अंश आणि शेवटच्याचा छेद एवढेच शिल्लक राहते. आपल्या उदाहरणात निम्मी रक्कम उरण्याचे कारणही हेच: २/३ × ३/४ मध्ये दोन्ही ३ कटले आणि २/४ उरले.

मध्येच एखादी ठरावीक रक्कमही खर्च झाली असेल तर?

ही मात्र खरी परीक्षा आहे. समजा, त्या गृहिणीने एक तृतीयांश रक्कम किराण्यावर खर्च केली, त्यानंतर रिक्षाला ४० रुपये दिले, मग उरलेल्याचा एक चतुर्थांश भाजीवर खर्च केला आणि शेवटी ३६० रुपये उरले. येथे ‘निम्मी रक्कम उरते’ हे सूत्र लागू पडत नाही. ३६० ची दुप्पट करून त्यात ४० मिळवले तर ७६० येतात, आणि हे उत्तर चूक आहे, कारण रिक्षाचे ४० रुपये वजा झाल्यामुळे भाजीवरचा खर्चही कमी झाला आहे.

अशा वेळी शेवटून एकेक पायरी मागे जाणे सर्वांत सुरक्षित. भाजीपूर्वी ३६० अधिक त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ३६० + १२० = ४८० होते. रिक्षापूर्वी ४८० + ४० = ५२० होते. किराण्यापूर्वी ५२० अधिक त्याचे निम्मे, म्हणजे ५२० + २६० = ७८० होते. ताळा: ७८० चा एक तृतीयांश २६०, उरले ५२०, रिक्षा ४०, उरले ४८०, भाजी १२०, उरले ३६०. मुळात संख्या मानण्याची रीतही येथे उपयोगी पडत नाही, कारण मानलेली रक्कम बदलली तरी रिक्षाचे भाडे तेवढेच राहते आणि त्रैराशिकाचे प्रमाण मोडते.

ठरावीक रक्कम अगदी शेवटी गेली असेल तर प्रकरण सोपे आहे. दोन्ही खर्चांनंतर ४० रुपये रिक्षाला दिले आणि ३६० उरले, तर आधी ४०० उरले होते आणि मूळ रक्कम ८०० होती. या रकमेत मात्र किराणा २६६ रुपये ६७ पैशांच्या आसपास येतो. पुढच्या प्रश्नात त्याचाच विचार केला आहे.

किराण्याचा किंवा भाजीचा खर्च पूर्ण रुपयांत येत नसेल तर उत्तर चुकले असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. दोन्ही खर्च पूर्ण रुपयांत येण्यासाठी मूळ रकमेला ६ ने, म्हणजेच शेवटच्या शिलकेला ३ ने निःशेष भाग जावा लागतो. शिल्लक ६००, ४५० किंवा ३६० असेल तर सर्व काही नीट बसते. शिल्लक २५० दिली असेल तर मूळ रक्कम ५०० हेच बरोबर उत्तर आहे, पण किराणा १६६ रुपये ६६ पैशांच्या पुढे जातो. दोष सोडवणाऱ्याचा नाही, आकडे निवडणाऱ्याचा आहे. शिक्षकांनी स्वतः उदाहरणे तयार करताना आधी मूळ रक्कम ६ च्या पटीत निवडावी आणि तिच्यावरून शिल्लक काढावी.

असे उदाहरण जुन्या गणितात सापडते का?

सापडते, आणि तेही नावासह. ज्या उदाहरणांत प्रत्येक भाग आधीच्या शिलकेचा असतो, त्यांना भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’ या ग्रंथात ‘शेषजाती’ म्हटले आहे. तेथे एक तीर्थयात्री प्रयागला आपल्या द्रव्याचा अर्धा भाग देतो, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला देतो, उरलेल्याचा एक चतुर्थांश वाटेत जकात म्हणून भरतो आणि उरलेल्याचे सहा दशांश गयेला देतो. ६३ निष्क घेऊन तो घरी परततो, तर निघताना त्याच्याजवळ किती निष्क होते?

ग्रंथातील रीत इष्टकर्माची आहे, म्हणजे वर सांगितलेली संख्या मानण्याचीच, फक्त तेथे १ मानतात. १ मधून अर्धा गेला की १/२ उरतो. त्यातून दोन नवमांश गेले की ७/९ भाग, म्हणजे ७/१८ उरतो. त्याचे पाऊण ७/२४ होतात. त्यातून सहा दशांश गेले की चार दशांश, म्हणजे ७/६० उरतो. ७/६० म्हणजे ६३, तर पूर्ण १ म्हणजे ६३ × ६० ÷ ७ = ५४०.

हेच उलट दिशेने, व्यस्तविधीने, करून पाहावे. ६/१० चा ६/४ होतो, म्हणजे दीडपट मिळवायचे: ६३ + ९४.५ = १५७.५. १/४ चा १/३ होतो: १५७.५ + ५२.५ = २१०. २/९ चा २/७ होतो: २१० + ६० = २७०. १/२ चा १/१ होतो, म्हणजे जेवढे आहे तेवढेच मिळवायचे: २७० + २७० = ५४०. ‘दोनच टप्पे आहेत, तोंडी करतो’ असे म्हणणाऱ्या आठवीच्या विद्यार्थ्याला मी हे उदाहरण देतो आणि जकातीच्या पायरीवर तो १५७.५ चा चतुर्थांश मिळवतो की तृतीयांश, एवढेच पाहतो.